साखरपुडा: देणंघेणं बरोबरीचं

मुलाकडचे मुलीला साडी, अंगठी आणि साखरेचा पुडा देऊन ओटी भरतात. मुलीकडचे मुलाला पोशाख आणि अंगठी देतात. तोल बिघडतो तो बहुधा अंगठीत, कारण दोन्हीकडून सारखंच वजन ठरवलं जातं. नाजूक बोटात जड अंगठी शोभत नाही. त्यापेक्षा बैठकीतच घडणावळीसह रक्कम ठरवावी आणि नमुना घालणाऱ्यालाच निवडू द्यावा. मुलाची साधी 5 ग्रॅमची आणि मुलीची 3 ग्रॅमची हिऱ्याची, तरी दोन्हींचं बिल जवळपास सारखं येऊ शकतं.

मानपानात साड्यांचे नग मोजू नयेत, नाती ठरवावीत. आई, आजी आणि करवली एवढ्यांनाच साडी असं आधी ठरलं, की एका घरी चार आत्या आणि दुसऱ्या घरी एकच असली तरी रुसवे होत नाहीत. बाकीच्यांना दोन्हीकडून पेढ्यांचा पुडा.