दह्यातले जिवाणू आणि कांद्यातलं खाद्य

अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की घरातली मोठी माणसं दहीभात खायला सांगतात, आणि डॉक्टर कधी कधी सोबत प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहून देतात. सूक्ष्मजीव दोन्हींत असतात, पण शास्त्र त्यांना एका पंक्तीत बसवत नाही. एखाद्या पदार्थाला प्रोबायोटिक म्हणायचं तर त्यातल्या सूक्ष्मजीवाचा नेमका वाण माहीत हवा, तो पुरेशा संख्येने जिवंत पोटात जायला हवा आणि त्याचा फायदा माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेला हवा. घरच्या विरजणातले जिवाणू घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतात. म्हणून घरचं दही या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे ते निरुपयोगी मात्र ठरत नाही.

ताज्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी जिवाणू आहेत असं धरू. मग शंभर ग्रॅमच्या वाटीत ते हजार कोटी झाले. आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, आधीच सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात. त्यात जठरातलं आम्ल आणि पित्त दह्यातल्या बऱ्याच जिवाणूंना मारतं. जे उरतात तेही बहुतेक वेळा आतड्यात घर करत नाहीत, काही दिवसांत बाहेर पडतात. दही खाणं थांबलं की त्यांचा वावरही थांबतो.

तरीही एक फायदा पक्का आहे, आणि तो जिवाणूंच्या मरणातून मिळतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या लहान आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं एन्झाइम कमी असतं. दह्यातल्या जिवाणूंकडे ते असतं. दाट दह्याच्या आडोशाने ते लहान आतड्यापर्यंत पोचतात, तिथे पित्ताने त्यांची पेशी फुटते, एन्झाइम बाहेर पडतं आणि दह्यातलं लॅक्टोज तिथेच पचतं. दुधाने पोट फुगणाऱ्या अनेकांना दही सोसतं ते यामुळे. ताकातही हेच घडतं, फक्त एका वाटी दह्यात तीन वाट्या पाणी घातलं तर घोटागणिक जिवाणू चौथाई होतात. कढी उकळली की मात्र जिवाणूही जातात आणि एन्झाइमही.

आंबवलेल्या पिठाची गोष्ट इथेच वेगळी होते. इडलीचं किंवा आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतं तेव्हा त्यात जिवाणूंची गजबज असते, पण दहा-बारा मिनिटं वाफ लागली किंवा तव्यावर भाजलं की ती संपते. इडलीतून जिवंत जिवाणू मिळतात हा समज म्हणूनच खरा नाही. नाचणीची आंबील आंबवून मग शिजवली, तर तिचंही तेच. आंबवण्याचं काम त्याआधीच झालेलं असतं. उडदातल्या ज्या शर्करांमुळे गॅस होतो त्यांचा काही भाग जिवाणू फोडून टाकतात. धान्यातलं लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्लही कमी होतं. इडली पचायला हलकी लागते ती याच कारणांनी.

प्रीबायोटिक हे जिवाणू नव्हेतच. ते आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचं खाद्य. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टन, कडधान्यातल्या काही शर्करा, कच्च्या केळ्यातला आणि शिजवून गार केलेल्या भातातला न पचणारा स्टार्च हे सगळं लहान आतड्यातून तसंच पुढे सरकतं. मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांच्यावर जगतात. आतड्यातल्या जिवाणूंसाठी काही करायचं असेल, तर माझ्या मते दह्याइतकंच लक्ष या खाद्याकडे द्यायला हवं.

दोन्ही एकत्र दिल्याचं ठळक उदाहरण ओडिशातलं आहे. तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेली ही चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. काही बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा निवडलेला वाण आणि त्याच्यासोबत फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक दिलं, काहींना नुसतं दिसायला तसंच औषध. पहिल्या दोन महिन्यांत रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण दुसऱ्या गटात 9 टक्के होतं, पहिल्या गटात 5.4 टक्के. हा परिणाम त्या एका वाणाचा, त्या मात्रेतला आणि त्या वयातला आहे. तो दुकानातल्या कुठल्याही कॅप्सूलला किंवा दह्याच्या डब्याला चिकटवता येत नाही.

घरात सोपा मार्ग म्हणजे गार भातात न तापवलेलं ताजं दही कालवायचं आणि सोबत कच्चा कांदा घ्यायचा. भात मात्र शिजल्यावर लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवायचा, तासन्‌तास ओट्यावर राहिलेला घ्यायचा नाही. कडधान्यं आणि तंतुमय पदार्थ एकदम वाढवले तर पोट फुगतं, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत थोडं थोडं वाढवावं. ज्यांना आयबीएसचा त्रास आहे त्यांना कांदा-लसणातले फ्रुक्टनच कळा आणतात. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.