कुलूप उघडतं का, आधी बघा

ऑगस्ट 2018मध्ये शाओमीने भारतात पोको एफ-1 आणला. किंमत 20,999 रुपयांपासून पुढे. तो अँड्रॉइड 8.1 घेऊन आला आणि कंपनीने त्याला अँड्रॉइड 10पर्यंत नेऊन थांबवलं. तरीही हौशी प्रोग्रामरांनी त्याच फोनवर अँड्रॉइड 13 आणि 14सुद्धा चालवून दाखवलं.

प्रत्येक फोनच्या नशिबी हे नसतं. फोन सुरू केला की आधी बूटलोडर कामाला लागतो. पुढची प्रणाली कंपनीच्या सहीची नसेल, तर तो ती चालू देत नाही. हे कुलूप काढण्याची मुभा कंपनीने दिली असेल, तरच लिनिएजओएससारखी 'कस्टम रॉम' टाकता येते. पोकोला ती मुभा होती आणि त्याचा कर्नल सोर्सकोडही कंपनीने खुला केला होता. शिवाय त्यातला स्नॅपड्रॅगन 845 त्या वर्षीच्या अनेक महागड्या फोनांत होता, त्यामुळे एका फोनवरची मेहनत दुसऱ्याच्या उपयोगी पडे. पण माझ्या मते सर्वांत मोठं कारण म्हणजे त्यावर काम करणारी माणसं. कुलूप उघडलं पण रॉम सांभाळणारा कोणी नसला, तर कॅमेरा किंवा फिंगरप्रिंट अर्धवटच चालतो आणि सुरक्षा अपडेट येत नाहीत.

म्हणून खरेदीआधी लिनिएजओएसच्या विकीवर फोनचं सांकेतिक नाव शोधा. पोकोचं beryllium आहे. त्याचे नवे बिल्ड अजून निघतात का, ते तारखांवरून कळतं. बाजारातलं नाव सारखं असूनही आतला फोन वेगळा असू शकतो, त्यामुळे मॉडेल नंबरही जुळवून पाहा.

जुना पिक्सेल घेत असाल तर तो हातात असतानाच खात्री करा. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. फोन वाय-फायला जोडा आणि OEM unlocking बघा. इंटरनेट असूनही ते बटण फिकट आणि निष्क्रिय राहिलं, तर फोन बहुधा व्हेरायझनसारख्या अमेरिकी मोबाइल कंपनीचा आहे. तो घेऊ नका. बटण चालू झालं, तर फोन फास्टबूटमध्ये नेऊन संगणकावरून पुढची आज्ञा द्यायची:

```
fastboot flashing unlock
```

याने फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो आधीच उतरवून ठेवा.

याची किंमतही मोजावी लागते. गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीला उघडं कुलूप दिसतं आणि काही बँकांची अ‍ॅप चालायला नकार देतात. रोजचे व्यवहार यूपीआयवर असतील, तर असा फोन दुसरा म्हणूनच बाळगावा. सॅमसंगमध्ये तर परकं सॉफ्टवेअर टाकताच नॉक्सचा फ्यूज कायमचा उडतो. पुन्हा कुलूप लावलं तरी तो पूर्ववत होत नाही.

कंपन्या नियमही बदलतात. हुआवेने 2018मध्ये अनलॉक कोड देणं बंद केलं, आणि शाओमीनेही हायपरओएस आल्यावर अटी कडक केल्या. त्यामुळे ब्रँडच्या जुन्या लौकिकावर विसंबू नका. नेमक्या त्या मॉडेलचा आजचा नियम वाचा आणि नवा फोन परत करण्याची मुदत संपण्याआधी OEM unlocking चालू होतं का, ते बघून घ्या.