गृहपाठाच्या थापा आणि स्नेहसंमेलनाची नाटुकली

स्नेहसंमेलनासाठी पाच मिनिटांची नाटुकली बसवताय? मग ‘गृहपाठ का नाही केला?’ हा विषय घ्या. पात्रं तीनच पुरतात: बाई, बंड्या आणि बाकावरची शेजारीण.

यातली खरी गंमत थापांच्या चढणीत असते. पहिली थाप अगदी पटणारी हवी. सोमवारी बंड्या म्हणतो, “बाई, लाइट गेली होती.” मंगळवारी, “त्या अंधारात वही शेळीनं खाल्ली.” बुधवारी, “शेळीला शोधायला गेलो, तर ती एसटीत बसून पंढरपूरला गेलेली!” प्रत्येक थाप आधीच्या थापेतूनच निघाली पाहिजे. एकदम परग्रहावरचे पाहुणे आणले की हशा फुटत नाही, कारण प्रेक्षकांच्या हाती धागाच उरत नाही.

बाईंचं वाक्य मात्र रोज तेच ठेवा: “बरं, आणि मग?” तिसऱ्यांदा ते येईपर्यंत मुलं प्रेक्षकांतूनच ते म्हणू लागतात.

बहुतेक वेळा घोटाळा होतो तो हशाच्या वेळी. मुलं घाईनं पुढचं वाक्य बोलतात आणि ते कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून तालमीत बाकीच्यांना मुद्दाम हसायला लावा आणि आवाज ओसरू लागला की मगच बोलायची सवय लावा.

शेवट शेजारणीचा. ती उठून सांगते, “बाई, बंड्याची वही भरलीय. सगळ्या थापा त्यानं आदल्या रात्रीच लिहून ठेवल्यात. निबंधाच्या वहीत!” बाई वही उघडतात, तोच पडदा पाडा. त्यानंतर एकही वाक्य नको.