मार किती बसला, हे सांगणारा पिवळा तुकडा

२०११ साली आलेल्या ‘डार्क सोल्स’ या गेममध्ये शत्रूचा घाव बसला की आयुष्याची लाल पट्टी झटकन आखूड होते. मात्र जेवढा भाग गेला, तेवढ्या जागी पिवळा तुकडा क्षणभर तसाच थांबतो आणि मग सरकत लाल पट्टीला येऊन मिळतो. लढाईच्या गर्दीत नजर दुसरीकडे असली तरी नंतर वर पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळतात: लाल सांगते किती उरलं, पिवळा सांगतो आत्ता किती गेलं.

हे करायला दोन आकडे लागतात. `hp` म्हणजे खरं उरलेलं आयुष्य. लाल पट्टी त्याच्यावरून काढायची. `trail` म्हणजे मागे रेंगाळणारा आकडा; त्याच्या लांबीची पिवळी पट्टी लालच्या खाली अंथरायची. लाल पट्टीही हळूहळू उतरवावी असा मोह होतो. ‘पोकेमॉन’सारख्या, आळीपाळीने चाल करण्याच्या खेळात ते शोभतं, कारण तिथे खेळाडू थांबून बघत असतो. धावपळीच्या खेळात मात्र मला ते पटत नाही. पट्टीवर थोडं आयुष्य दिसत असतानाच पात्र मेलं, तर खेळाडूला आपण फसवले गेलो असंच वाटणार. लाल पट्टीने लगेच खरं बोलावं, संथपणा पिवळीकडे ठेवावा.

खरी गंमत थांबण्याच्या वेळेत आहे. समजा आयुष्य ८०० आहे आणि ०.३ सेकंदाच्या अंतराने १२०, ९० आणि १५० असे तीन घाव बसले. आयुष्य उरलं ४४०. पिवळा तुकडा पहिल्या घावानंतर अर्धा सेकंद थांबून सेकंदाला ६०० या वेगाने उतरू लागला, तर तिसरा घाव बसेपर्यंत तो ७४० वर आलेला असतो. ३६० चा मार ३०० चा दिसतो. म्हणून प्रत्येक घावाला घड्याळ पुन्हा अर्ध्या सेकंदावर न्यायचं. मग तिसऱ्या घावानंतर अर्धा सेकंद सगळा ३६० चा तुकडा सलग दिसतो आणि पुढच्या ०.६ सेकंदात ओसरतो.

```
if hit: wait = 0.5
wait = wait - dt
if wait <= 0: trail = trail - 600 * dt
trail = max(trail, hp)
```

`dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. शेवटच्या ओळीमुळे पिवळा तुकडा लालच्या खाली घसरत नाही. शिवाय औषध पिऊन आयुष्य वाढलं, तर `trail` मागे राहत नाही.

पहिल्या ओळीत `hit` आहे, ‘आयुष्य कमी झालं’ असं नाही, ते मुद्दाम. विषबाधा दर ०.४ सेकंदाला ५ गुण खात असेल आणि प्रत्येक घटीला घड्याळ मागे जात असेल, तर अर्धा सेकंद कधी पुरा होतच नाही. पिवळा तुकडा गोठतो आणि लांबत जातो. ही चूक शोधणं सोपं आहे: पात्राला विषारी दलदलीत उभं करा आणि नुसतं बघत राहा. घड्याळ फक्त थेट घावाने मागे जावं, विषाने नव्हे.

ठरावीक वेगाची एक अडचण आहे. १२ गुणांचा तुकडा ०.०२ सेकंदात, म्हणजे जेमतेम एका फ्रेममध्ये, उडून जातो. म्हणून बरेच जण उरलेल्या अंतराच्या प्रमाणात तुकडा उतरवतात: आधी वेगात, शेवटी संथ. पण ‘प्रत्येक फ्रेमला १० टक्के’ असं लिहिलं की घोळ होतो. अर्ध्या सेकंदानंतर ६० फ्रेमच्या यंत्रावर सुमारे ४ टक्के अंतर उरतं, ३० फ्रेमच्या यंत्रावर जवळजवळ २१ टक्के. तोच गेम जुन्या फोनवर सुस्त दिसतो. हिशोब फ्रेमचा नको, वेळेचा हवा:

```
trail = hp + (trail - hp) * exp(-6.3 * dt)
```

असा तुकडा गणिताने शून्यापर्यंत कधीच पोचत नाही. अंतर अर्ध्या पिक्सेलहून कमी झालं की `trail` सरळ `hp` इतका करून टाकावा, नाहीतर लालच्या टोकाला एक पिवळी कड रेंगाळू शकते.

२०१५ च्या ‘ब्लडबोर्न’ने या तुकड्यालाच नियम बनवलं. मार बसल्यावर लगेच उलट वार केला, तर तुकड्यात दिसणारं आयुष्य परत कमावता येतं. म्हणजे तुकड्याची लांबी ही आता खेळाडूला दिलेली मुदत झाली. असं करायचं असेल तर `trail` चित्र काढणाऱ्या कोडमध्ये ठेवून चालत नाही. तो आयुष्याच्या आकड्याशेजारीच मोजावा लागतो आणि पट्टीने तो फक्त वाचायचा असतो.