घड्याळातली साठावी चाल

एका वाचकाने पाठवलेला प्रश्न असा: ‘आमच्या गावच्या स्पर्धेच्या पत्रकात 5+5 चे डाव ‘ब्लिट्झ’ म्हणून छापले होते. मुलगी लिचेसवर तोच 5+5 खेळते, तर तिथे ‘रॅपिड’ दिसतं. बरोबर कोण?’ दोघंही बरोबर आहेत. कसे, ते समजून घेताना बुद्धिबळाच्या घड्याळातली एक गंमत हाती लागते. डाव सुरू होताना खेळाडूला एकूण किती वेळ मिळणार आहे, हे कुणालाच माहीत नसतं. खेळाडूला नाही आणि पंचांनाही नाही.

5+5 म्हणजे सुरुवातीला 5 मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे 5 सेकंदांची भर. या भरीला खेळाडू ‘इन्क्रिमेंट’ म्हणतात. नोकरदारांच्या इन्क्रिमेंटशी मात्र तिची गल्लत नको, कारण ती वर्षाकाठी पगारात मुरत नाही. तिची जात रोजच्या हजेरी भत्त्याची आहे. मूळ पगार ठरलेला, भत्ता हजेरीप्रमाणे. महिनाअखेर हातात किती पडणार, हे किती दिवस कामावर गेलात त्यावर ठरतं. इथे दिवसांच्या जागी चाली. 20 चालींत मात झाली, तर 5+5 मध्ये वाट्याला आले 5 मिनिटं आणि 100 सेकंद. डाव 90 चालींपर्यंत ताणला, तर 5 मिनिटं आणि 450 सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. दोन्ही डावांवर पाटी एकच.

आता स्पर्धा भरवायची, रेटिंग द्यायचं, तर डाव कोणत्या गटात मोडतो हे आधी ठरवायला हवं. म्हणून चालींचा एक आकडा गृहीत धरतात. आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिडे’ 60 धरते: मूळ वेळ, अधिक इन्क्रिमेंटची 60 पट. बेरीज 10 मिनिटं किंवा त्याहून कमी आली तर ब्लिट्झ, 10 च्या वर पण 60 च्या आत आली तर रॅपिड. 5+5 ची बेरीज नेमकी 10 मिनिटं येते, म्हणून ब्लिट्झ. लिचेस 40 चाली धरतं. त्या हिशेबाने तोच डाव 300 अधिक 200, म्हणजे 500 सेकंदांचा होतो, आणि तिथे ब्लिट्झची हद्द 8 मिनिटांच्या, म्हणजे 480 सेकंदांच्या आतच संपते. एकाने चाली जास्त धरल्या पण गटाची हद्दही मोठी ठेवली, दुसऱ्याने दोन्ही लहान ठेवल्या. म्हणून पाट्या वेगळ्या.

40 हा आकडा प्रत्यक्षाच्या जवळचा आहे, कारण बहुतेक डाव त्याच्याच आगेमागे संपतात. 60 हा सावध माणसाचा आकडा आहे. पण दोन्ही मोजमापं नव्हेत, दोन्ही संकेतच. ‘मी रॅपिडमध्ये चांगला, ब्लिट्झमध्ये कच्चा’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी आधी विचारतो, कुठल्या पाटीवरचं रॅपिड?

60 चा आकडा कुठे चपखल बसतो, ते पाहण्याजोगं आहे. पूर्वी ब्लिट्झ म्हटलं की सरळ 5 मिनिटं, भर काही नाही. आज जागतिक ब्लिट्झ स्पर्धा 3+2 वर खेळतात. 60 चालींवर दोन्हींची बेरीज सारखी, 5 मिनिटं. त्याआधी मात्र 3+2 वाला गरीब असतो: 40 चालींवर त्याच्या वाट्याला 4 मिनिटं 20 सेकंदच आलेले असतात. 60 नंतर तो श्रीमंत होऊ लागतो आणि शंभराव्या चालीपर्यंत त्याला 6 मिनिटं 20 सेकंद मिळतात.

हेच उलट्या बाजूने मांडलं तर मर्म जास्त कळतं. प्रत्येक चालीला सरासरी 5 सेकंद लावणारा खेळाडू घ्या. सरळ 5 मिनिटांत त्याला 60 चाली पुरतात. 3+2 मध्ये प्रत्येक चालीला 5 जातात, 2 परत येतात, निव्वळ खर्च 3. मूळ 180 सेकंदांना 3 ने भागलं की पुन्हा 60. आता तोच खेळाडू वेग वाढवून 3 सेकंदांवर आला. सरळ 5 मिनिटांत 100 चाली, पण 3+2 मध्ये निव्वळ खर्च 1 सेकंद, म्हणजे 180 चाली. आणि 2 सेकंदांवर आला तर? सरळ घड्याळात दीडशे चालींनंतर खेळ खलास. 3+2 मध्ये घड्याळ थांबल्यासारखंच. तो कितीही वेळ खेळू शकतो. हरलेल्या स्थितीत नुसते हात चालवून समोरच्याचा वेळ संपवण्याची जी घाणेरडी युक्ती आहे, ती इन्क्रिमेंटमध्ये का चालत नाही, त्याचं उत्तर या भागाकारात आहे.

ही कल्पना घड्याळात उतरवली बॉबी फिशरने. त्याच्या डिजिटल घड्याळाला 1989 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं आणि 1992 मध्ये स्पास्कीबरोबरच्या पुनर्लढतीत ते वापरलं गेलं. फिशर माणूस म्हणून विक्षिप्त होता, शेवटी शेवटी तर असह्य; पण हे काम त्याने शहाण्यासारखं केलं. जुन्या चावीच्या घड्याळात काटा लाल फ्लॅग उचलायचा आणि बारावर येताच फ्लॅग पडायचा. त्यातला काटा प्रत्येक चालीला अर्धा मिनिट मागे सरकवणं कुणाच्या हाताला जमणारं नव्हतं. त्यामुळे वजीर जास्त असलेला खेळाडूही फ्लॅग पडला म्हणून हरायचा.

फिशरचं नाव सगळ्यांना ठाऊक. डेव्हिड ब्रॉन्स्टाइनचं मात्र घड्याळांच्या मेनूतच उरलं आहे. त्याच्या पद्धतीत चालीला जितका वेळ लागला तितकाच परत मिळतो, आणि तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. 30 सेकंदांची मर्यादा असेल आणि चाल 4 सेकंदांत खेळलात, तर परत 4 च. फिशरच्या घड्याळात पुरे 30 मिळाले असते आणि 26 शिलकीत पडले असते. म्हणजे ‘मूळ वेळ अधिक चाली गुणिले भर’ हे सूत्र ब्रॉन्स्टाइनच्या घड्याळात फक्त कमाल मर्यादा सांगतं. मला ब्रॉन्स्टाइनचा हिशेब जास्त न्याय्य वाटतो, कारण त्यात विचार केल्याची भरपाई मिळते, पटापट चाली करून साठेबाजी करता येत नाही. पण खेळाडूंना साठेबाजी आवडली, आणि फिशर जिंकला.

आता एक खरा डाव. 3 डिसेंबर 2021, दुबई, कार्लसन विरुद्ध नेपोम्निशी, विश्वविजेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. आधीचे पाचही बरोबरीत सुटलेले. वेळेचा नियम तीन टप्प्यांचा होता: पहिल्या 40 चालींना 2 तास, पुढच्या 20 चालींना 1 तास, मग उरलेल्या डावासाठी 15 मिनिटं आणि एकसष्टाव्या चालीपासून 30 सेकंदांची भर. पहिल्या 60 चालींना भर नव्हती, हे लक्षात ठेवा. त्याचा परिणाम चाळिसाव्या चालीच्या आधी दिसला. दोघंही टाइम ट्रबलमध्ये सापडले आणि दोघांच्याही हातून चुका झाल्या. घड्याळ प्रत्येक चालीला 30 सेकंद देत असतं, तर त्यातल्या काही टळल्या असत्या असं मानायला जागा आहे.

डाव संपला 136 चालींनी. कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर, आणि तासन्‌तास चाललेली रेटारेटी. विश्वविजेतेपदाच्या इतिहासातला हा सर्वांत लांब डाव. आधीचा विक्रम 1978 मधल्या कोर्चनॉय–कार्पोव्ह डावाचा, 124 चालींचा.

प्रत्येकाला किती वेळ मिळाला, ते मांडून बघू. ठरलेला वेळ 120 अधिक 60 अधिक 15, म्हणजे 195 मिनिटं. भर एकसष्टाव्या चालीपासून एकशेछत्तिसाव्या चालीपर्यंत, म्हणजे 76 वेळा अर्धा मिनिट: 38 मिनिटं. एकूण 233. दोघांचे मिळून 466 मिनिटं, म्हणजे 7 तास 46 मिनिटं. आणि डाव प्रत्यक्षात चालला किती? सुमारे पावणेआठ तास. संध्याकाळी साडेचारला बसलेले हे दोघे उठले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मिळालेला वेळ आणि लागलेला वेळ जवळजवळ सारखे, याचा अर्थ दोघांच्या घड्याळांत मिळून जेमतेम काही मिनिटं उरली असणार. शेवटचा बराच काळ जगज्जेता आणि त्याचा आव्हानवीर अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या भत्त्यावर गुजराण करत होते. चाली, नियम आणि डावाला लागलेला वेळ एवढंच हाताशी असलं, तरी घड्याळं न बघता हे सांगता येतं.

स्वतः असा हिशेब मांडताना एक बारकावा हमखास चुकतो: भर आधी मिळते की नंतर? स्पर्धांतल्या डीजीटी घड्याळावर 90+30 लावलं की डाव सुरू होण्याआधीच आकडा 1:30:30 दिसतो, कारण पहिल्या चालीची भर आगाऊ दिलेली असते. लिचेसवर 3+2 चा आकडा 3:00 पासून सुरू होतो आणि 2 सेकंद चाल झाल्यावर पडतात. त्यामुळे कुठल्याही क्षणी डीजीटीवाला एका भरीने पुढे असतो. 30 सेकंदांची भर असेल, तर अडचणीत हा फरक लहान नाही.

30 सेकंदांच्या भरीला आणखी एक अट चिकटलेली आहे. एरवी 5 मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला, की खेळाडूला चाली लिहिण्यापासून सूट मिळते. भर 30 सेकंदांची किंवा जास्त असेल, तर ही सूट नाही, शेवटपर्यंत लिहायचंच. त्या अर्ध्या मिनिटातले काही सेकंद असे पेनावर जातात, आणि ते सूत्रात दिसत नाहीत.

90+30 हा आपल्याकडच्या क्लासिकल स्पर्धांतला नेहमीचा प्रकार. 60 चाली धरल्या की बरोबर 2 तास. पण 60 ऐवजी टोकाला जायचं म्हटलं तर? प्यादं न हलता आणि काही न मारलं जाता दोघांच्या 75-75 चाली झाल्या, की डाव आपोआप बरोबरीत सुटतो. हा नियम धरून गणितींनी काढलेला सर्वांत लांब संभाव्य डाव साडेआठ हजारांच्याही पुढे जातो: 8848 आणि वर अर्धी चाल. (हो, एव्हरेस्टची मीटरमधली उंचीही 8848 च्या वर थोडीशी, निव्वळ योगायोग.) 90 मिनिटं, अधिक 8848 वेळा अर्धा मिनिट: एकेका खेळाडूला 75 तास 14 मिनिटं. दोघांचे मिळून सहा दिवस आणि वर काही तास, तेही झोपेविना. फिडेच्या वर्गवारीत मात्र हाही 2 तासांचाच डाव.