ठसायंत्र, मोबाईल आणि ओळख-पडताळणी : अपयशाचे स्थान कसे ओळखावे?

निवृत्तिवेतनधारकास दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला सादर करावा लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ व्यवस्थेमुळे आधार क्रमांक, मोबाईल व हातात मावणारे ठसायंत्र यांच्या साहाय्याने तो घरबसल्याही देता येतो. पडताळणी फसली की ‘ठसा जुळत नाही’ असे सांगून वृद्धास परत पाठविले जाण्याचा संभव असतो. वस्तुतः ठसा जुळतो की नाही, हा निर्णय मोबाईल देतच नाही. म्हणून अपयश नेमके कोठे घडले, हे आधी ठरविले पाहिजे.

पहिली पायरी जोडणीची होय. संगणकाला जोडलेला मोबाईल एरवी दुय्यम उपकरण म्हणून वागतो. येथे त्याला यजमान व्हावे लागते, म्हणजे ठसायंत्राला पाच व्होल्टचा पुरवठा करून त्याचे नियंत्रण करावे लागते. हा भूमिकाबदल ओटीजी केबल घडविते. जुन्या मायक्रो-यूएसबी टोकातील चौथी पिन तीत ऋण तारेशी जोडलेली असते, व त्यावरून मोबाईल आपली भूमिका ओळखतो. चार्जिंगच्या साध्या केबलीत ती पिन मोकळी असते; म्हणून दिसावयास सारखी असूनही ती केबल येथे निरुपयोगी ठरते. काही मोबाईलांत ओटीजीची कळ सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे चालू करावी लागते, व काही काळ वापर न झाल्यास ती आपोआप बंद होते.

दुसरी पायरी आर.डी. सर्व्हिस या ॲपची. यंत्राच्या निर्मात्याचे हे ॲप ठसा घेऊन तो कूटबद्ध करते. दाखल्याच्या ॲपला हे बंद पाकीट तेवढे मिळते. ते उघडून तुलना करण्याचे काम आधार प्राधिकरणाच्या सर्व्हरवर होते. ही तिसरी पायरी.

आता एक उदाहरण घेऊ. यंत्राचा दिवा लागला आहे, पण पडद्यावर 720 हा क्रमांक येतो. दिव्यावरून वीज पोहोचल्याचे कळते, अधिक काही नाही. 720 म्हणजे यंत्र तयार नाही. अशा वेळी बहुधा यंत्र वापरण्याची परवानगी मागणारी चौकट नकळत बंद केलेली असते. केबल काढून पुन्हा जोडावी व परवानगी द्यावी. त्यानंतर 700 आला, तर ठरलेल्या मुदतीत ठसा घेता आला नाही, असे समजावे. काच पुसून, कोरडे बोट किंचित ओलसर करून पुन्हा ठेवावे. या दोन्ही प्रसंगी ठसा सर्व्हरपर्यंत गेलेलाच नसतो. 300 हा क्रमांक मात्र सर्व्हरकडून येतो, आणि न जुळण्याचा खरा निर्णय तोच होय.

तेव्हाही दुसरे बोट वापरून पाहावे. श्रमाने वा वयाने सर्वच बोटांच्या रेषा झिजल्या असतील, तर केबल बदलून उपयोग नाही. २०२१ पासून उपलब्ध असलेली चेहऱ्यावरून पडताळणी हाच तेथे योग्य मार्ग ठरतो.