एओआय गेटचं चित्र खालून वर काढा

Y = NOT(A·B + C). हे तीन इनपुटचं एओआय गेट, म्हणजे आधी अँड, मग ऑर आणि शेवटी उलट. अँड आणि नॉर वेगवेगळे जोडले, तर सीमॉसमध्ये 6 आणि 4 असे 10 ट्रान्झिस्टर लागतात. हेच गेट एकसंध काढलं की 6 पुरतात.

सुरुवात खालून करावी, कारण खालचं जाळं सूत्रातून थेट वाचता येतं. आउटपुट शून्य कधी व्हायला हवं? A आणि B दोन्ही 1 असतील तेव्हा, किंवा C 1 असेल तेव्हा. एनमॉस 1 मिळाल्यावर चालू होतो. म्हणून Y आणि ग्राउंड यांच्यामध्ये A आणि B चे एनमॉस एकाखाली एक, एकसर जोडा. त्या जोडीला समांतर C चा एनमॉस. खालचं काम झालं.

वरचं जाळं पीमॉसचं. तो 0 मिळाल्यावर चालू होतो, म्हणून इथे सगळं उलटतं: एकसर होतं ते समांतर, समांतर होतं ते एकसर. A आणि B चे पीमॉस शेजारीशेजारी आणि त्या जोडगोळीशी एकसर C चा पीमॉस.

गडबड हमखास होते ती C पाशी. समजा, तुम्ही वरही C समांतरच ठेवला. आता A=1, B=1, C=0 घालून पाहा. खाली A-B ची वाट खुली आहे आणि वर C चा पीमॉसही चालू आहे. पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत सरळ प्रवाह वाहील आणि Y धड 0 ना धड 1. उलट तिन्ही पीमॉस एकसर लावले, तर A=1, B=0, C=0 ला वरचं जाळं बंद आणि खालचंही बंद, म्हणजे Y अधांतरी. इनपुटच्या एकूण 8 जुळण्या आहेत. प्रत्येकीला एकच जाळं चालू असायला हवं. माझ्या मते ही तपासणी नियम पाठ करण्यापेक्षा भरवशाची.

आता रुंदी. इन्व्हर्टरमध्ये एनमॉस 1 आणि पीमॉस 2 धरले, तर एकसर आलेल्यांना दुप्पट रुंदी द्यावी लागते, नाहीतर त्या वाटेचा रोध वाढतो. म्हणून A, B चे एनमॉस 2, C चा 1 आणि वरचे तिन्ही पीमॉस 4.

C चा पीमॉस पुरवठ्याच्या बाजूला की Y ला लागून? तर्काच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, वेगाच्या दृष्टीने नाही. तो Y ला लागून ठेवला, तर आउटपुटवर 4+2+1 म्हणजे 7 एकक रुंदीची धारिता पडते. A-B ची जोडी Y ला लावली तर 4+4+2+1, म्हणजे 11. तेव्हा दुसरं काही कारण नसेल, तर C खाली, Y ला लागून काढा.